कापूस व्हॉट्सॲपने वाढतो का?

जळगावात मी सांख्यिकी शिकवतो. डेटाच्या कामात नव्याने येणाऱ्यांना पहिला सराव देतो तो कापसाचा. आकडे माझेच, रचलेले: 100 शेतकरी, 50 जण पीकसल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये, 50 बाहेर. ग्रुपवाल्यांना एकरी सरासरी 9 क्विंटल, बाहेरच्यांना 6.

चोपड्याकडच्या एका विद्यार्थ्याने लगेच निकाल दिला. "सर, सल्ल्याने एकरी 3 क्विंटल वाढले."

"ग्रुपमध्ये कोण जातं रे तुमच्याकडे?"

"ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो. मे महिन्यातच लावणी करतो, ठिबक असतं, खतांचं विचारायचं असतं. कोरडवाहूवाला पावसाची वाट बघतो, तो काय विचारणार? आमचे वडील म्हणतात, पानी शे तर कपाशी शे."

"मग बागायती आणि कोरडवाहू वेगळे काढ."

त्याने काढले. ग्रुपमध्ये 40 बागायती, 10 कोरडवाहू. बाहेर बरोबर उलटं. बागायतीला एकरी 10 क्विंटल, ग्रुपमध्ये असो वा नसो. कोरडवाहूला 5, तेही दोन्हीकडे. त्याने पुन्हा गुणाकार केला: 40 गुणिले 10, अधिक 10 गुणिले 5, भागिले 50. आले 9. बाहेरच्यांचे तसेच 6.

"म्हणजे 3 क्विंटल पाण्याचे!"

पाणी उत्पन्नही वाढवतं आणि माणसाला ग्रुपमध्येही नेतं. दोन्हीकडे हात असलेल्या अशा तिसऱ्या घटकाला गोंधळकारक चल म्हणतात. खऱ्या डेटात फरक असा साफ शून्यावर क्वचितच येतो. बहुधा नुसता घटतो.

पुढे त्याला उत्साह आला. "बोंडअळीच्या नुकसानीनुसारही गट पाडू का?"

इथे बहुतेक नवखे फसतात. ग्रुपमधला सल्ला वाचून कोणी कामगंध सापळे लावले आणि अळी कमी झाली, तर ते सल्ल्याचंच फळ. समान नुकसानीचे शेतकरी शेजारी ठेवून तुलना केली, तर सल्ल्याचा तेवढा परिणाम आपणच पुसून टाकतो. म्हणून मी विचारतो, हा घटक ग्रुपमध्ये जाण्याआधीचा की नंतरचा? विहीर आधीची, अळी नंतरची. आधीचं असलं म्हणून सगळंच घ्यावं असं नाही, पण नवख्याची निम्मी चूक इथेच टळते.

"आणि जे लिहूनच घेतलं नाही? जमिनीचा पोत, शेतकऱ्याचा अनुभव?"

"त्याचे गट पाडता येत नाहीत. त्यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल तो ग्रुपमध्ये. शेतकरी पुरेसे असले की काळी जमीन आणि अनुभव दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात."

तो हसला. "सर, गावात मेसेज कुठे थांबतो? नाव न निघालेल्याला शेजारी पुढे पाठवणारच."

हा प्रश्न पुस्तकी मुलाला सुचत नाही, गावातल्याला सुचतो.

"मग शेतकऱ्यांच्या नाही, गावांच्या चिठ्ठ्या टाक. पण गावं भरपूर लागतील. दोनच घेतलीस आणि एकाला तापीचं पाणी मिळत असलं, तर पुन्हा पाणीच मोजशील."