अ, ॲन, द की काहीच नाही: इंग्रजीत नामाआधी काय लावायचं ते कसं ठरवावं

‘पहिल्यांदा उल्लेख आला की अ, दुसऱ्यांदा आला की द’ हा शाळेतला नियम आधी बाजूला ठेवा. ‘क्लोज द डोअर’ म्हणताना दाराचा उल्लेख पहिलाच असतो, तरी द लागतो.

मराठीत आर्टिकल नाही, पण त्याचं काम आपण शब्दांच्या क्रमाने आणि प्रत्ययाने करतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणजे अ बुक, ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हणजे द बुक. ‘मी डॉक्टर शोधतोय’ यात कोणीही डॉक्टर चालेल, म्हणून अ डॉक्टर. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ यात ठरावीक डॉक्टर आहेत, म्हणून द डॉक्टर. भाषांतर शब्दाला शब्द केलं की क्रम आणि प्रत्यय गळतात आणि त्यांच्यासोबत हा फरकही जातो. आपण अडखळतो ते इथेच.

हा क्रम प्रत्येक वाक्यात मदतीला येत नाही. म्हणून नामापाशी थांबा आणि विचारा: ऐकणाऱ्याला ‘कोणतं?’ हे न विचारता कळेल का? कळत असेल तर द. मग नाम एकवचनी असो, अनेकवचनी असो की न मोजता येणारं. हा प्रश्न नेहमी पहिला.

उत्तर ‘नाही’ आलं, तरच मोजणीकडे वळा. एकवचनी आणि मोजता येणारं असेल तर अ किंवा ॲन. अनेकवचनी किंवा न मोजता येणारं असेल तर काहीच नाही. मोजणी मात्र मराठीतून करू नका. आपण ‘एक सल्ला’, ‘दोन बातम्या’ म्हणतो, पण इंग्रजीत ॲडव्हाइस आणि न्यूज मोजत नाहीत. ‘ॲन ॲडव्हाइस’ चूक, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ बरोबर.

आता हे पाहा: ‘काल मी पुस्तक घेतलं. पुस्तकाची दोन पानं फाटली होती. दुकानदाराने पैसे परत दिले.’ कोणतं पुस्तक ते ऐकणाऱ्याला माहीत नाही: अ बुक. पुढच्या वाक्यात ते ओळखीचं झालं: द बुक. ‘टू पेजेस’ला काही नको, कारण कोणती दोन ते सांगितलेलं नाही. दुकानदार पहिल्यांदाच आला, तरी पुस्तक विकणारा तोच हे उघड आहे: द शॉपकीपर. मनी न मोजता येणारं, पण पैसे कोणते ते कळतं: द मनी. शाळेतला नियम दुकानदारापाशीच अडकला असता.

सरसकट विधानात द घालायचा मोह फार होतो. ‘आयुष्य अवघड आहे’ म्हणजे ‘लाइफ इज हार्ड’, ‘द लाइफ’ नव्हे.

अ की ॲन हे सोपं आहे. पुढच्या शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर असेल तर ॲन. ॲन अवर, ॲन एमएलए, पण अ युनिव्हर्सिटी.

माय, धिस यांच्यासोबत आर्टिकल नको. नद्यांना द: द गोदावरी. शहरांना सहसा काही नाही.