ॲम, इज, आर, वॉज, वेअर : गाळलेल्या जागा भरण्याआधीची तयारी

गाळलेल्या जागांचा कागद समोर आला की बहुतेक जण थेट जागेजवळचा शब्द बघतात आणि कानाला बरं वाटेल ते लिहून टाकतात. चुका तिथूनच सुरू होतात, म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधीच थोडी तयारी करून ठेवावी.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पाच शब्द दोन ओळींत लिहावेत. वरच्या ओळीत आजचे तीन, म्हणजे ॲम, इज, आर. खालच्या ओळीत कालचे दोन, म्हणजे वॉज आणि वेअर. त्यांच्या शेजारी कोण कोणाबरोबर जातं तेही मांडावं. आय बरोबर आज ॲम, काल वॉज. ही, शी, इट बरोबर आज इज, काल वॉज. वुई, यू, दे बरोबर आज आर, काल वेअर. ॲम फक्त आयसाठीच राखून ठेवलेला आहे. काल म्हटलं की आय एकवचनी मंडळींत जाऊन बसतो, आणि यू मात्र दोन्ही ओळींत अनेकवचनाबरोबरच राहतो. एवढं पाठ नसलं तरी चालेल, पण कागदावर दिसायला हवं.

प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारायचे आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये. आधी केव्हा, मग कोण. केव्हा ठरलं की पाचातले दोन किंवा तीन शब्द लगेच बाद होतात, आणि उरलेल्यांतून निवडायला कोण हा प्रश्न पुरतो. उलट क्रमाने गेलं की ही दिसल्याबरोबर इज लिहिलं जातं आणि वाक्याच्या शेवटी बसलेला यस्टरडे नजरेतून सुटतो.

केव्हा शोधण्यासाठी वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचावं आणि वेळेच्या शब्दाभोवती गोल करावा. नाऊ, टुडे, ॲट द मोमेंट, एव्हरी डे हे वरच्या ओळीकडे नेतात. यस्टरडे, लास्ट नाइट, लास्ट वीक, टू डेज अगो, किंवा इन 2015 सारखं मागचं साल हे खालच्या ओळीकडे. अगो नेहमी कालावधीच्या मागे येतो आणि पुष्कळदा वाक्याच्या अगदी टोकाला असतो, म्हणून अर्धं वाक्य वाचणाऱ्याला तो दिसतच नाही. वेळेचा शब्द कुठेच नसेल आणि शेजारचं वाक्यही काही सुचवत नसेल, तर वर्तमानकाळ धरावा.

टुडे आणि धिस मॉर्निंग यांच्याबाबत थोडं थांबावं. ‘इट ___ कोल्ड धिस मॉर्निंग’ हे सकाळीच बोललं तर इज आणि दुपारी बोललं तर वॉज, दोन्ही बरोबर. पुढे ‘बट इट इज हॉट नाऊ’ असं असेल तर सकाळ सरली आहे, म्हणून वॉजच. टुमॉरोसाठी या पाचांत खास शब्द नाही, कारण तिथे सहसा विल बी येतं. तरीही ठरलेल्या कार्यक्रमाला वर्तमानकाळ चालतो. ‘द एक्झाम ___ टुमॉरो’ असं वाक्य यादीत दिसलं तर इज लिहावं, वॉज तिथे कधीच बसणार नाही. मनात मराठी करून वेळ ठरवणाऱ्यांनी परवा या शब्दाला जपावं. तो मागचाही असतो आणि पुढचाही, त्यामुळे वेळ इंग्रजी शब्दावरूनच ठरवावी.

आता कोण. खरी मेहनत इथेच आहे, कारण इथे आपलीच भाषा आपल्याला चकवते.

मराठीत आपण आदराने अनेकवचन वापरतो. ‘माझे वडील डॉक्टर आहेत’, ‘सर वर्गात आहेत’, ‘आजोबा आजारी होते’. हीच वाक्यं मनात धरून लिहिणारा ‘माय फादर आर अ डॉक्टर’ आणि ‘माय ग्रँडफादर वेअर इल’ असं लिहून जातो. इंग्रजीत आदर क्रियापदात उतरत नाही. वडील एक आहेत, म्हणजे ही, म्हणजे आज इज आणि काल वॉज. गंमत अशी की हाच मुलगा ‘माय मदर’पुढे इज अचूक लिहितो, कारण मराठीत आपण ‘आई घरी आहे’ असं एकवचनातच म्हणतो. एकाच कागदावर मदरपुढे इज आणि फादरपुढे आर दिसलं, तर नियम माहीत नाही असं समजू नये. मराठी वाक्य जसंच्या तसं उचललं गेलंय, एवढंच. अशा वेळी नियम पुन्हा सांगून फार उपयोग होत नाही. ‘किती माणसं?’ एवढं विचारलं की चूक बहुधा आपली आपणच दुरुस्त होते.

यूच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. समोर एकच मित्र आहे, मराठीत आपण ‘तू काल कुठे होतास?’ म्हणतो, तू एकवचनी, म्हणून वॉज लिहिलं जातं. यू एकासाठी असो की पन्नासांसाठी, आज आर आणि काल वेअर. इथे माणसं मोजायचीच नाहीत, यू दिसला की मोजणं थांबवावं.

तिसरा चकवा ‘होते’ या शब्दात आहे. मुलगी म्हणते ‘मी घरी होते’, आणि बऱ्याच जणांबद्दल बोलतानाही आपण ‘ते घरी होते’ म्हणतो. शब्द एकच, त्यामुळे होते म्हणजे वेअर असं डोक्यात बसलं असेल तर ‘आय वेअर ॲट होम’ लिहिलं जातं. मुलगा असो वा मुलगी, आय बरोबर वॉज. इंग्रजीत या पाच शब्दांना लिंगभेद नाही, म्हणून एकाच माणसाबद्दलच्या होतो, होता, होती या सगळ्यांसाठी वॉज एकटा पुरतो. इफने सुरू होणाऱ्या कल्पनेच्या वाक्यांत ‘आय वेअर’ भेटतो, पण तो पुढच्या इयत्तांचा विषय आहे, सुरुवातीच्या सरावात त्याला आणू नये.

वस्तूंच्या बाबतीतही मराठीतलं वचन कामाला येत नाही. ‘माझे केस काळे आहेत’ हे मराठीत अनेकवचन, पण डोक्यावरचे सगळे केस मिळून इंग्रजीत हेअर एकवचनी आहे, म्हणून ‘माय हेअर इज ब्लॅक’. उलट कात्री आणि चष्मा आपल्याकडे एकच, तर सिझर्स आणि ग्लासेस इंग्रजीत अनेकवचनी, म्हणून आर किंवा वेअर. न्यूजच्या शेवटी एस असूनही तो एकवचनी आहे, आणि चिल्ड्रन, पीपल यांच्या शेवटी एस नसूनही ते अनेकवचनी आहेत. एव्हरीवनचा अर्थ सगळे, तरी तो इज घेतो. असे शब्द थोडेच आहेत. सरावात जो चुकेल तो त्या दोन ओळींखाली लिहून ठेवावा, आधीच लांबलचक यादी पाठ करत बसू नये.

कर्ता शोधताना त्याच्या मुख्य शब्दाखाली रेघ ओढावी आणि त्याच्या जागी ही, शी, इट, वुई, दे यांपैकी एक ठेवून पाहावा. ‘माय ब्रदर अँड आय ___ रेडी’ यात जागेला खेटून आय आहे, म्हणून हात ॲमकडे जातो. पण भाऊ आणि मी मिळून वुई, म्हणून आर. ‘द बॉक्स ऑफ पेन्सिल्स ___ ऑन द टेबल’ यात पेन्सिली कितीही असोत, टेबलावर आहे तो डबा, म्हणून इज. जागेला चिकटलेला शब्द बऱ्याचदा कर्ता नसतो. ऑफ, ऑन, इन, विथ यांपासून जागेपर्यंतचा भाग बोटाने झाकला की खरा कर्ता उघडा पडतो.

वाक्य देअरने सुरू होत असेल तर कर्ता जागेच्या पुढे सापडतो. ‘देअर ___ टू चेअर्स इन द रूम’ यात खुर्च्या दोन, म्हणून आर. जागाच वाक्याच्या सुरुवातीला असेल तर ते प्रश्नार्थक वाक्य असतं आणि तिथेही कर्ता पुढेच बघावा. ‘___ यू ॲट होम लास्ट नाइट?’ यात लास्ट नाइट आणि यू, म्हणून वेअर. वाक्याचा पहिला शब्द असल्याने तो मोठ्या अक्षराने लिहावा. उत्तर बरोबर असूनही इथे गुण जातात.

आता एक अवघड वाक्य पूर्ण सोडवून बघू. ‘द बुक्स ऑन माय फादर्स टेबल ___ न्यू लास्ट यिअर, बट नाऊ वन ऑफ देम ___ टॉर्न.’ जागा दोन आहेत, म्हणून बटपाशी उभी रेघ मारून दोन तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिल्या तुकड्यात लास्ट यिअर आहे, म्हणजे खालची ओळ, उरले वॉज आणि वेअर. जागेला चिकटून टेबल आहे, त्याच्या आधी फादर आहे, पण नवीन होती ती पुस्तकं. ऑनपासून टेबलपर्यंत बोटाने झाकलं की उरतं द बुक्स, म्हणजे दे, म्हणून वेअर. दुसऱ्या तुकड्यात नाऊ आहे, म्हणजे वरची ओळ. देम दिसल्यामुळे आर लिहावंसं वाटतं, पण फाटलंय त्यांतलं एकच. ऑफ देम झाकलं की उरतं वन, म्हणजे इट, म्हणून इज. पहिला तुकडा भूतकाळी होता म्हणून दुसऱ्यातही वॉज लिहिणारे पुष्कळ असतात. ती चूक वेळ एकदाच, सबंध वाक्यासाठी ठरवल्याची खूण आहे.

सरावाची वाक्यं घरी तयार करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी कर्ता तोच ठेवून वेळ बदलावी, ‘शी ___ टायर्ड नाऊ’ आणि मग ‘शी ___ टायर्ड यस्टरडे’. ते सहज जमलं की वेळ तीच ठेवून कर्ता बदलावा, शीच्या जागी आय, मग यू, मग द गर्ल्स, मग माय ग्रँडफादर. दोन्ही एकदम बदलली तर चूक वेळेमुळे झाली की कर्त्यामुळे, हे कळत नाही. अशी दहा वाक्यं झाली की मगच मिसळलेला कागद घ्यावा.

कागद भरून झाला की वाक्यांचा अर्थ बाजूला ठेवून फक्त भरलेले शब्द तपासावेत. जिथे ॲम लिहिला आहे तिथे शेजारी आय आहे का बघावं, नसेल तर ते उत्तर चूकच. जिथे यू आहे तिथे आर किंवा वेअरच असलं पाहिजे. जिथे वॉज किंवा वेअर आहे तिथे त्याच तुकड्यात किंवा शेजारच्या वाक्यात मागच्या वेळेचा शब्द सापडतो का पाहावं. शेवटी आदराने ज्यांना आपण आहेत म्हणतो, त्या फादर, ग्रँडफादर, टीचर अशा शब्दांवरून एकदा नजर फिरवावी आणि प्रत्येकाशी माणूस एकच आहे ना, हे मोजून घ्यावं.