चार ठिकाणचं कर्ज, एकच प्लॅन: बोलणी करताना या चुका टाळा

आमच्या कोकणात पैसा वर्षभर सारखा येत नाही हे कर्ज देणाऱ्याला माहीत नसतं असं नाही, पण हप्ता मात्र बारा महिने सारखाच लागतो आणि लोक तिथेच अडकतात. मी बँकेत वसुली बघायचो, आता रिटायर झाल्यावर ओळखीपाळखीच्यांचे कर्जाचे कागद बसून लावून देतो. सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो तर तीन-चार ठिकाणी एकदम बोलणी करायची असतात तेव्हा. गुहागरकडच्या एका ताईंचं उदाहरण देतो (परवानगीने, आकडे थोडे गोल करून).

घरगुती होमस्टे आणि खानावळ, नवऱ्याची रिक्षा. घर तारण ठेवून बँकेचं कर्ज, हप्ता ८,०००. त्याशिवाय क्रेडिट कार्डावर ६०,०००, फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन १,२०,००० आणि गावच्या पतसंस्थेचे ६०,०००, ज्याला दीर जामीन.

पहिली चूक: जो जास्त ओरडतो त्याला आधी देणं

पतसंस्थेचा माणूस घरी आला, जामीनदार म्हणून दिराला नोटीस गेली, घरात वाद झाला. ताईंनी घाबरून महिन्याला १०,००० द्यायचं तोंडी कबूल केलं. पहिल्याच महिन्यात फायनान्स कंपनीचा ऑटो डेबिट बाउन्स झाला, त्याचा दंड लागला, तो भरायला कार्ड वापरलं. म्हणजे एकाला खूश केलं आणि दोघांकडे नवीन थकबाकी उभी केली. एकाला शब्द द्यायच्या आधी सगळ्यांचा हिशोब एका कागदावर पाहिजे, आणि तो पूर्ण पाहिजे. नुसता सिबिल रिपोर्ट काढून यादी करू नका, बऱ्याच पतसंस्थांची कर्जं त्यात दिसतच नाहीत. हातउसने, भिशी, सोनाराकडचं गहाण, सगळं लिहा.

दुसरी चूक: हप्ता मे महिन्याच्या कमाईवर ठरवणं

ही सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा सावकाश बघा. ताईंच्या घरात ऑक्टोबर ते मे धंद्याचा खर्च जाऊन महिन्याला ४५,००० यायचे. जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक नाही, फक्त रिक्षाचे १८,०००. घरखर्च २०,०००. सीझनमध्ये घरखर्च आणि घराचा हप्ता काढून महिन्याला १७,००० उरतात, त्या म्हणत होत्या की मग १५,००० सहज देईन. पण पावसाळ्यात तोच हिशोब महिन्याला १०,००० नी उणे जातो, चार महिन्यांचे ४०,०००. सीझनच्या आठ महिन्यांत १,३६,००० उरले, त्यातून हे ४०,००० बाजूला काढले, कौलं, आजारपण, रिक्षाचा पासिंग-इन्शुरन्स यासाठी १२,००० ठेवले, की वर्षाला खरे राहतात ८४,०००. म्हणजे महिन्याला सरासरी ७,०००. पंधरा नाही, सात! पंधराचा शब्द दिला असता तर तो जुलैमध्ये मोडला असता, आणि एकदा मोडलेला प्लॅन घेऊन परत गेलं की समोरचा माणूस ऐकून घेत नाही.

घराचा हप्ता या वाटपात आणायचा नाही, तो आधी आणि पूर्ण, कारण तिथे घर जातं. उरलेल्या ८४,००० चे भाग थकबाकीच्या प्रमाणात केले. एकूण २,४०,००० मध्ये कार्डाचा पाव, फायनान्सचा अर्धा, पतसंस्थेचा पाव. म्हणजे वर्षाला २१,०००, ४२,००० आणि २१,०००. तिघांना एकाच दिवशी एकच तक्ता पाठवला, त्यात दुसऱ्याला किती देतोय तेही स्पष्ट लिहिलं. याचा फायदा असा की 'तिकडे भरता आणि आम्हाला नाही' हे बोलणंच संपतं.

तिसरी चूक: हप्ता मागणं पण व्याजाबद्दल न बोलणं

कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के लागत होते. ६०,००० वर ते २,१०० होतात, वर्षाला २५,२००. आणि आपण देणार २१,०००! म्हणजे वर्षभर प्रामाणिकपणे भरूनसुद्धा कर्ज वाढलं असतं. म्हणून कार्डाच्या बँकेला 'हप्ता कमी करा' असं न म्हणता 'कार्ड बंद करा आणि बाकीचे कमी व्याजाचे ईएमआय करून द्या' असं मागितलं. वर्षाला १५ टक्क्यांनी ४८ महिने धरले तर हप्ता साधारण १,६७० येतो, वर्षाचे २०,०४०, आपल्या भागात बसतो. दोन अर्ज फेटाळल्यावर तिसऱ्यांदा तेवढ्यावर मान्य झालं. मिनिमम ड्यू भरत राहणं हा उपाय नाही, ती तारीख ढकलणं आहे.

पतसंस्थेला ऑक्टोबर ते मे असे आठच हप्ते २,६२५ चे मागितले, तिथल्या संचालकांना सीझन कळतो त्यामुळे ते लवकर मानले. फायनान्स कंपनी आधी नाहीच म्हणाली, एकरकमी भरा म्हणाली. इथे एक समजून घ्या, सामान्य कर्जदारासाठी सगळ्या सावकारांना एका प्लॅनमध्ये बांधणारा कायदा आपल्याकडे अजून लागू नाही, त्यामुळे कोणी नाही म्हणू शकतो. तेव्हा चिडून पैसे थांबवू नका. त्यांच्या भागाचे ३,५०० दर महिन्याला त्यांच्या लोन खात्यातच भरत राहा, पावती ठेवा, आणि दर महिन्याला तोच अर्ज ईमेलने टाका. ताईंचं चार महिन्यांनी मान्य झालं, कारण इतर दोघांची मान्यतापत्रं सोबत जोडता आली.

गडबड होते ती छोट्या गोष्टींत

नवीन प्लॅन फोनवर मान्य झाला आणि जुना ऑटो डेबिट तसाच चालू राहिला की खात्यातले सगळे पैसे एकाकडेच जातात. लेखी पत्र हातात आल्यावर जुना मँडेट बदलून घ्या. कमाई जमा होणारं खातं कर्ज असलेल्या बँकेतच असेल तर बँक तिथून थकबाकी वळती करू शकते, त्यामुळे घरखर्चाचं खातं दुसऱ्या बँकेत ठेवा आणि हे लपवू नका, तक्त्यात लिहा.

९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचं, धरलं जातं, त्याच्या आधी बोलायला जा. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील तर ते नियमाबाहेर आहे, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही तर cms.rbi.org.in वर. पण पतसंस्था यात येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे.

आणि 'सगळे हप्ते बंद करा, पैसे आम्हाला द्या, आम्ही निम्म्यात सेटल करतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. त्यात तुमची फी जाते, दंड चालू राहतो, आणि निम्म्यात मिटलंच तरी रिपोर्टवर 'सेटल्ड' असं राहतं, जे पुढच्या कर्जाला आडवं येतं. सल्ला हवाच असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत आर्थिक साक्षरता केंद्राची चौकशी करा, रत्नागिरी-सिंधुदुर्गात ती बँक ऑफ इंडिया आहे, तिथे पैसे लागत नाहीत.

प्रत्येक कर्ज संपलं की खातं बंद झाल्याचं पत्र मागा, जामीनदाराचं नाव सुटल्याचंही लेखी घ्या. दोन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात जुनी बाकी तशीच दिसत असेल तर तक्रार टाका, ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायचा नियम आहे.