रंगवलेले केस ओले झाल्यावर रबरासारखे ताणले जात असतील, तर काय करायचं

हायलाइट्स किंवा ग्लोबल कलर करून घेतल्यावर पहिल्यांदा केस धुतले, की काहींना टोकं लिबलिबीत लागतात. ओढली की लांबतच जातात. त्यावर हमखास मिळणारा सल्ला असतो, ‘केस कोरडे पडलेत, हेअर स्पा करून घे.’ हा सल्ला ऐकू नका. कोरडा केस राठ लागतो, खरखरतो. तो असा लांबत नाही. लांबणारा केस आतून तुटलेला असतो.

केस बनतो केरॅटिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्यांनी. या साखळ्यांना धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी दोन प्रकार इथे महत्त्वाचे. हायड्रोजनचे बंध पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात, म्हणून निरोगी केसही ओला असताना थोडा ताणला जातो. गंधकाचे बंध मात्र पाण्याने सुटत नाहीत. ताणलेला केस मूळ लांबीवर परत येतो तो त्यांच्यामुळेच. ब्लीच पावडर आणि तिच्यात मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण, म्हणजे डेव्हलपर, केसातला काळा रंग काढता काढता हेच गंधकाचे बंध तोडतात. केस कोरडा असताना हायड्रोजनचे बंध त्याला सावरून धरतात, त्यामुळे पार्लरमधून ड्रायर करून निघताना सगळं छान दिसतं. पाणी लागलं की तो आधारही जातो.

आता परीक्षा. गल्लत इथेच होते, म्हणून सावकाश करा. केस शाम्पूने धुवा आणि कंडिशनर अजिबात लावू नका. कंडिशनरचा थर केसाला बुळबुळीत करतो आणि मग चांगला केसही खराब वाटतो. ब्लीच नीट धुतलं गेलं नसेल तरी तसाच बुळबुळीतपणा राहतो, कारण ब्लीच अल्कधर्मी असतं. म्हणून केस आणखी काही मिनिटं साध्या पाण्याखाली धरा. ही बुळबुळ वरची असते, धुतल्यावर जाते. आतून तुटलेला केस कितीही धुतला तरी लिबलिबीतच राहतो.

मग एकच ओला केस घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि हळू ताणा. झटका देऊ नका, झटक्याने कुठलाही केस तुटेल. निरोगी ओला केस साधारण ३० टक्के लांबतो, म्हणजे १० सेंटिमीटरचा १३ होतो आणि सोडला की परत येतो. लांबून तसाच लोंबत राहिला, किंवा बारीक होत होत तुटला, तर गंधकाचे बंध गेले आहेत. जराही न लांबता कटकन तुटला, तर तो कडक झालेला केस आहे. त्याचे उपाय वेगळे. एकाच केसावर निकाल लावू नका. कपाळाजवळचा, टाळूवरचा आणि मानेजवळचा, असे तिन्ही तपासा, आणि प्रत्येकाचं मूळ, मध्य आणि टोक वेगवेगळं ताणून बघा.

नेहमी दिसणारं उदाहरण सांगते. कमरेपर्यंतचे केस, वर्षानुवर्षं काळा रंग लावलेले, आणि हवा असतो ॲश ब्राउन. पहिल्या ब्लीचने टोकं नारिंगीवर अडतात, म्हणून त्याच आठवड्यात ३० व्हॉल्यूमच्या, म्हणजे तीव्र डेव्हलपरने दुसरं ब्लीच होतं. नंतर तपासलं तर मुळं ठीक, मध्य जेमतेम, आणि शेवटची बोटभर टोकं लोंबणारी. टोकांचं वय सगळ्यात जास्त, आणि जुना रंगही तिथेच थरावर थर साचलेला.

अशा वेळी लोंबणारा भाग कापा. मी याबाबत तडजोड करत नाही, कारण केस हा जिवंत अवयव नाही, तो स्वतः भरून येत नाही. बंध जोडणारी उत्पादनं जेमतेम असलेल्या मधल्या भागाला खरोखर आधार देतात. लोंबणाऱ्या टोकांना फार तर थोडे दिवस.

उरलेल्या केसांवर ब्लीच, डेव्हलपरचा रंग, रिबाँडिंग, स्मूदनिंग यातलं काहीही नको. रिबाँडिंगचं क्रीम तर मुद्दाम हेच गंधकाचे बंध सोडतं; अशा केसाला ते लावलं तर गुच्छच्या गुच्छ हातात येतील. ओल्या केसांवर स्ट्रेटनर नको. ओले असताना विंचरू नका, घट्ट बांधू नका, टॉवेलने घासू नका.

धुण्याआधी खोबरेल तेल लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं आहे. मात्र तुटलेले बंध ते जोडत नाही.

महिन्याभराने मधल्या भागाची तीच परीक्षा पुन्हा करा. केस परत येत असेल आणि रंगाचा विटकेपणा झाकायचाच असेल, तर डेव्हलपर न लागणारा, काही धुण्यांत उतरणारा रंग लावा. तोही आधी मागच्या एका बटेवर.