सीए इंटर: दोनदा नापास होऊन नव्या वर्षात

आज ३१ डिसेंबर. नौपाड्यातली अभ्यासिका संध्याकाळीच रिकामी झाली, म्हणून घरी बसून लिहितेय. इंटरचा पहिला ग्रुप यंदा माझा दोनदा राहिला. नुकतीच नोंदणी केलेल्यांना उपयोग होईल म्हणून आकड्यांसकट सांगते.

मे महिन्यात अकाउंट्समध्ये ४४, लॉमध्ये ५२, टॅक्सला ५०. तिन्ही पेपरांत ४०च्या वर, तरी नापास, कारण ग्रुपची बेरीज ३००पैकी १५० लागते आणि माझी होती १४६. निकाल बघून बाबा एवढंच म्हणाले, "चार मार्कांनी?" आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. त्यांची ती पाठ मी विसरलेले नाही.

पुढचे काही आठवडे पुस्तक उघडलं नाही. मग लॉच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. मी पहिल्याच ओळीत निष्कर्ष लिहून मोकळी झाले होते. आधी कायद्यातली तरतूद, मग ती दिलेल्या प्रसंगाला कशी लागू होते आणि शेवटी निष्कर्ष, असं उत्तर हवं. सप्टेंबरमध्ये तसंच लिहिलं आणि ६१ मिळाले.

टॅक्सला ५७ आले. अकाउंट्सला मात्र ३८. बेरीज १५६, पण एका पेपरात ४०च्या खाली, म्हणून पुन्हा नापास.

त्या ३८चं कारण मला पक्कं माहीत आहे. पेपर तीन तासांचा. ३० मार्कांच्या एमसीक्यूंना ४५ मिनिटं दिली, की १४ मार्कांच्या पाच प्रश्नांना प्रत्येकी २७ मिनिटं उरतात. कन्सॉलिडेशनचा ताळेबंद जुळेना. मी तो जुळवत बसले, ५० मिनिटं गेली आणि शेवटचा प्रश्न कोराच राहिला. ताळेबंद जुळला नाही तरी वर्किंग नोट्सना मार्क मिळतात. कोऱ्या पानाला कोण मार्क देणार? आता घरी सराव करताना २७ मिनिटं झाली की अर्धं पान सोडून पुढच्या प्रश्नाकडे वळते. पहिले काही दिवस हात अक्षरशः अडायचा.

त्या नापास निकालातून एक गोष्ट हाती लागली, ती बरेच नवखे लक्षातच घेत नाहीत. ग्रुप राहिला तरी ज्या पेपरात ६० किंवा जास्त मिळाले, त्यात पुढच्या तीन प्रयत्नांसाठी सूट मिळते, आणि ते मार्क बेरजेतही धरले जातात. म्हणजे लॉचे ६१ माझ्या खात्यात आहेत. जानेवारीत दोनच पेपर द्यायचे, दोन्हींत किमान ४० आणि मिळून ८९. जुलैत डोंगर वाटणारी गोष्ट आता वहीच्या कोपऱ्यात मावते.

काल घरी लिहिलेल्या सराव पेपरात अकाउंट्सला ४७ आले. ताळेबंद कालही जुळला नाही. पाचही प्रश्न मात्र लिहून झाले. आईने विचारलं, "आज लवकर झोपणार?" हो म्हटलंय. सकाळी टॅक्सचा पेपर लावायचा आहे.