निपाणीहून आलेला दाखला रजिस्टरच्या टेबलावर पाठवण्याआधी कसा तपासावा

जून उजाडला की कोल्हापूरच्या शाळांत कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडची मुले येऊ लागतात. आईवडिलांना कागलच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम मिळालेले असते. प्रवेशाच्या टेबलावर शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जन्मदाखला, फोटो असे कागद मोजले जातात आणि फाईल पुढे सरकते. पण कागद मोजणे म्हणजे तपासणी नव्हे. पुढच्या टेबलावर जनरल रजिस्टर आहे. तिथे शाईने एकदा नोंद झाली की नाव, जन्मतारीख किंवा जात बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून फाईल पूर्ण केव्हा म्हणायची? रजिस्टर लिहिणाऱ्याला खुर्चीवरून न उठता, कोणाला काही न विचारता सगळे रकाने भरता आले तर.

निपाणीच्या शाळेतून आठवीत येणारी एक मुलगी उदाहरणादाखल घेऊ.

आधी दाखला मूळ आहे ना, ते बघा. झेरॉक्सवर रजिस्टर लिहायचे नाही. मग मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का, दाखल्याचा क्रमांक आणि जुन्या शाळेचा यू-डायस क्रमांक पाहा. हा क्रमांक अकरा आकडी असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, कर्नाटकचा २९ ने. २९ दिसला की परराज्याचा दाखला, म्हणजे त्यावर तिथल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची म्हणजे बीईओंची प्रतिस्वाक्षरी हवी. ती नसेल तर पालकांना आत्ताच सांगा. निपाणी चाळीसेक किलोमीटरवर असली तरी दोन कार्यालये फिरायची तर एक रजा जातेच.

आता जन्मतारीख. इथे घाई करू नका. आधी अंकी तारीख वाचा, मग अक्षरी, आणि शेवटी जन्मदाखल्यावरची. समजा दाखल्यावर अंकात १२-०६-२०१३ आहे आणि अक्षरात ‘बारा जुलै’. जन्मदाखला जूनच सांगतो. म्हणून अक्षरी नोंद पेनने खोडून जून करायचा मोह होईल. करू नका. दाखला दुसऱ्या शाळेचा आहे. दुरुस्ती तीच शाळा करील, सही-शिक्क्यासह. ही तारीख पुढे आणखी एका कामाला लागते. यू-डायस प्लस या देशभरच्या शाळांच्या पोर्टलवर मुलीला आपल्या शाळेत ओढून घेताना तिचा पेन नंबर, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक, आणि जन्मतारीख दोन्ही टाकावे लागतात. तारीख जुळली नाही, की मुलगी सापडतच नाही. जुन्या शाळेने तिला पोर्टलवरून सोडलेले नसले तरीही अडते, तेव्हा पालकांना तेही विचारायला सांगा.

नावात वेगळी गंमत असते. तिकडच्या दाखल्यावर बऱ्याचदा ‘गिरिजा एम.’ एवढेच असते. आधारवर आडनाव, नाव, वडिलांचे नाव अगदी व्यवस्थित. आधार पाहून आडनाव आपण जोडायचे नाही. ‘दाखल्यावर आडनाव नाही’ असे चिठ्ठीवर लिहा आणि निर्णय मुख्याध्यापकांकडे जाऊ द्या.

जातीच्या रकान्यापाशीही थांबा. कर्नाटकच्या दाखल्यावर ‘३ब’सारखा प्रवर्ग लिहिलेला असू शकतो. ती तिकडची वर्गवारी. आपल्या प्रवर्गाच्या रकान्यात ती उतरवायची नाही. जात दाखल्याप्रमाणे, आणि प्रवर्ग महाराष्ट्राचे जात प्रमाणपत्र आल्यावरच.

सरल या महाराष्ट्राच्या विद्यार्थी नोंदणीतला एकोणीस आकडी आयडी या मुलीकडे नसणारच. पण तो रकाना कोरा सोडला तर पुढच्या माणसाला वाटते, विचारायचे राहून गेले. ‘परराज्य, सरल आयडी नाही’ असे लिहा, म्हणजे प्रश्न मिटला.

त्रुटी निघाली म्हणून मुलीला घरी पाठवायचे नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार दाखला यायला उशीर झाला, या कारणाने आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही; वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. मुलगी वर्गात बसेल, फाईल थांबेल. हे दोन वेगळे ठेवता आले की पालकांशी वादाचे कारणच उरत नाही.

थांबलेल्या फाईलवर चिठ्ठी लावा. ‘कागद अपूर्ण’ असा मोघम शेरा कोणाच्याच कामाचा नसतो. असे लिहा: ‘अक्षरी जन्मतारीख चूक, दुरुस्ती निपाणीच्या शाळेकडून, बीईओ प्रतिस्वाक्षरी बाकी, पालकांना सांगितले, तारीख अमुक.’ त्याचीच एक प्रत पालकांच्या हातात द्या. “काका, ही चिठ्ठीच तिथल्या क्लार्कला दाखवा,” एवढे सांगितले की त्यांना तिथे जाऊन काही समजावत बसावे लागत नाही.

दुरुस्त दाखला आला की फक्त दुरुस्त ओळ पाहून भागत नाही. नवा दाखला पुन्हा लिहिताना दुसरीच चूक शिरते, म्हणून तो पहिल्यापासून वाचा. मग दाखला सर्वांत वर, त्याखाली जन्मदाखला, आधारची झेरॉक्स आणि अर्ज अशा क्रमाने लावून फाईल द्या आणि देवाणघेवाण वहीत रजिस्टरवाल्यांची तारखेसह सही घ्या.