झाकणाच्या फोटोवरून भिंतीचा रंग जुळवताय? या चुका टाळा

भावाच्या हॉलमध्ये वायरिंग बदललं आणि भिंतीवर हातभर लांब पुट्टीचा पांढरा पट्टा राहिला. माळ्यावर जुना डबा सापडला पण आतला रंग सुकून दगड झालेला, मग त्याने झाकणाचा एक फोटो काढला, भिंतीचा एक काढला आणि दुकानात जाऊन मोबाईलची स्क्रीन शेडकार्डशेजारी धरून जुळणारी शेड निवडली. रंग मारला आणि क्रीम भिंतीवर पीच रंगाचं ठिगळ उभं राहिलं. दुकानदाराने रंग चुकीचा दिला नव्हता, चूक फोटोत होती.

फोटो रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेला. मी त्याला म्हटलं भिंतीला एक कोरा पांढरा कागद चिकटव आणि तिथेच, त्याच बल्बखाली परत फोटो काढ. फोटोत तो कागद चक्क बिस्किटाच्या रंगाचा आला. मोबाईलच्या एडिटरमध्ये त्यावर कलर पिकर ठेवला तर लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे आले `238, 224, 199`. पांढऱ्या कागदाचे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, इथे शेवटचा म्हणजे निळ्याचा आकडा एवढा घसरलाय म्हणजे फोटोवर पिवळी झाक आहे, आणि जी कागदावर आहे तीच भिंतीवरही आहे. कॅमेरा प्रत्येक फोटोला उजेडाचा अंदाज बांधून रंग आपल्या मनाने फिरवतो, त्यात प्रत्येक स्क्रीन वेगळी. ऑफव्हाइट आणि क्रीम शेड्समध्ये तर फरक मुळातच इतके बारीक असतात की फोटोतली चूक त्या फरकापेक्षा मोठी निघते. त्यामुळे फोटोत दिसणाऱ्या रंगावरून शेड निवडणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक.

मग झाकणाचा फोटो कशाला? वाचायला. मशीनवर बनवलेल्या रंगाच्या डब्यावर बहुतेक वेळा स्टिकर असतं, झाकणावर नाहीतर बाजूला, आणि त्यावर प्रॉडक्टचं नाव, शेडचा कोड, बेस म्हणजे ज्यात रंग मिसळतात तो मूळ पेंट, डब्याचा साइज आणि कुठला स्टेनर म्हणजे मिसळायचा रंग किती टाकला ते लिहिलेलं असतं. हे सगळं स्पष्ट वाचता येईल असा जवळून, सरळ वरून, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा (फ्लॅशने चकचकीत स्टिकरवर पांढरा डाग पडतो आणि नेमका कोडच त्याखाली जातो). मेसेजमधून फोटो पाठवला की तो दाबला जातो, मग 8 आणि B किंवा 0 आणि O यात गल्लत होते, म्हणून कोड वेगळा टाइप करून पाठवाच.

झाकणावर पेंटचा ठिपका लावलेला असतो, त्यालाही लोक शेड समजतात. तो धातूवर जाड थरात वाळलेला असतो, कधी कधी रंग नीट ढवळायच्या आधीच लावलेला असतो, त्यामुळे "हा डबा साधारण कुठल्या रंगाचा" एवढंच त्यावरून कळतं, त्यापुढे त्याचा भरवसा नको.

कोड मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. भावाला स्टिकरवरून बरोबर कोड मिळाला, पण दुसऱ्यांदा आणलेला रंग वेगळ्या प्रॉडक्टमधला होता, जुना मॅट आणि नवा सॅटिन. समोरून बघितलं तर ठीक, पण खिडकीकडून तिरकं बघितलं की पट्टा चमकतोय! हा शेडचा नाही, फिनिशचा दोष. मॅट पृष्ठभाग उजेड सगळीकडे पसरवतो म्हणून तोच रंग मॅटमध्ये जरा फिका, उडालेला वाटतो आणि चकाकीच्या फिनिशमध्ये गडद, भरलेला वाटतो. त्यामुळे शेड चुकली असं समजून लोक कोड बदलत बसतात आणि चूक असते प्रॉडक्टची.

भिंतीचा फिनिश ओळखायला खोलीतले दिवे बंद करा, गाल भिंतीला जवळजवळ टेकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी लांबवर, भिंतीला लागून टॉर्च तुमच्या दिशेने धरायला सांगा. भिंतीत टॉर्चचं प्रतिबिंब जवळजवळ दिसलंच नाही तर मॅट, धूसर पसरट उजळ पट्टा दिसला तर सॅटिन किंवा सॉफ्ट शीन, आणि गोळा स्पष्ट दिसला तर ग्लॉस. फक्त जिथे सारखे हात लागतात तिथे हे बघू नका, स्विचच्या आजूबाजूला मॅट भिंतही घासून घासून चमकायला लागते.

आता पुढची अडचण अशी की कोड हा नव्या रंगाचा आणि भिंत सात वर्षं जुनी. ऊन, धूळ, धूर यांनी ती बदललेली असते, म्हणजे अगदी बरोबर डबा आणला तरी तो भिंतीवर "नवा" दिसतो. अशा वेळी फोटो सोडा आणि भिंतीचा तुकडाच दुकानात न्या. आधी ओल्या फडक्याने जागा पुसून पूर्ण वाळू द्या, मग कटरने साधारण 3 सेंटिमीटरचा चौकोन आखून खालच्या पुट्टीसकट अलगद उचला. दुकानातलं रंग वाचणारं मशीन तुकड्याच्या छोट्याशा भागावरून रंग वाचतं, तुकडा वाकडा किंवा भुगा झालेला असेल तर वाचनही तसंच येतं. तुकडा पट्ट्याच्या शेजारचाच घ्या, तसाही तिथे रंग लागणारच आहे. कपाटामागचा घेऊ नका, ती जागा कमी विटलेली असते म्हणजे पुन्हा जुळणार नाही, आणि ऑइलपेंट असेल तर उलटंच, पांढरा ऑइलपेंट अंधारात जास्त पिवळा पडतो. आणि हेही लक्षात ठेवा की मशीन रंग वाचून देतं, फिनिश तुम्हालाच सांगायचाय.

सगळ्यात लहान डबा घ्या आणि थेट भिंतीवर मारू नका. जाड पुठ्ठ्यावर प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात मारून रात्रभर वाळू द्या, इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं म्हणून ओल्यावर मत बनवू नका. पुठ्ठ्याची पांढरी किनार कापून टाका, ती डोळ्याला फसवते, मग रंगाची कड भिंतीला टेकवून उभा धरा. एकदा दिवसा खिडकीच्या उजेडात आणि एकदा रात्री तुमच्या नेहमीच्या दिव्यात बघा. दिवसा जुळतोय आणि रात्री नाही असं झालं तर रंग बनवताना वापरलेले पिगमेंट मूळ रंगापेक्षा वेगळे आहेत, म्हणून ज्या उजेडात ती खोली जास्त वापरता त्यात जुळणारा ठेवा.

भावाचा पुठ्ठा तिसऱ्या वेळी दोन्ही उजेडात जुळला, तरी पट्ट्यावर लावल्यावर जागा निस्तेज दिसली. कारण पुट्टीला प्रायमर दिलाच नव्हता, कोरडी पुट्टी रंगातलं पाणी आणि बाइंडर शोषून घेते. घासून प्रायमर मारला, आणि मग फक्त पट्टा न रंगवता ती एकच भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत त्याच रोलरने दोन हात केली. शेजारच्या भिंतीशी अजूनही किंचित फरक आहे, पण कोपऱ्यावर उजेड तसाही वळतो, त्यामुळे तिथे तो दिसत नाही.